चित्रातला ओटा आणि आपला ओटा

हल्ली स्वयंपाकघर व्हायच्या आधीच बघायला मिळतं. डिझायनर मुलगा किंवा मुलगी लॅपटॉप उघडते आणि पडद्यावर आपलं किचन हजर! चकचकीत ट्रॉल्या, ओट्यावर एक फुलदाणी, खिडकीतून ऊन आत येतंय. याला ते लोक 'रेंडर' म्हणतात. पूर्वी हे फक्त पुण्या-मुंबईत होतं. आता बार्शी, कराड, चाळीसगावचे सुतारसुद्धा मोबाइलवर असं थ्रीडी चित्र दाखवतात, आणि बहुतेक वेळा एक नाही, तीन दाखवतात. "मॅडम, यातलं कुठलं आवडलं?"

इथेच गोम आहे. कुठलं आवडलं हा प्रश्न साडीच्या दुकानात ठीक. किचनच्या चित्राला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: सकाळी सहा ते आठ या दोन तासांत या ओट्यापाशी मला किती वेळा इकडून तिकडे जावं लागेल, आणि परात ठेवायला जागा कुठे आहे?

आमच्या बचत गटातल्या एका ताईंचंच उदाहरण सांगते. कोथरूडमधली त्यांची जुनी सोसायटी पाडून नवी इमारत झाली. तशा कितीतरी सोसायट्या गेल्या काही वर्षांत कोथरूड, एरंडवणे, कर्वेनगर भागात पाडून नव्याने बांधल्या गेल्या आहेत. ताई नोकरी करतात. घरी चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. सकाळी तीन डबे जातात. पोळ्या अजूनही सासूबाईच करतात आणि भाजी ताई. म्हणजे एकाच वेळी ओट्याशी दोघी उभ्या. त्यातून सासूबाईंचे गुडघे दुखतात. डिझायनरनं तीन चित्रं पाठवली होती आणि घरात सगळ्यांचं पहिल्या चित्रावर एकमत झालं होतं, कारण ते दिसायला खरोखरच सुंदर होतं. तीन लाखांच्या पुढचं काम. आगाऊ रक्कम द्यायच्या आधी ताई ती चित्रं घेऊन माझ्याकडे आल्या.

मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं की डिझायनरकडून प्लॅन मागवा. प्लॅन म्हणजे छत काढून वरून बघितल्यासारखा साधा रेषांचा नकाशा, त्यावर प्रत्येक वस्तूची मापं लिहिलेली. कारण रेंडरमध्ये खोली नेहमी मोठी वाटते. चित्र काढताना कॅमेरा भिंतीच्या पलीकडे ठेवलेला असतो, म्हणजे समोरची एक भिंत नाहीच असं समजून. प्रत्यक्षात आपण तिथे उभं राहू शकत नाही. शिवाय चित्रातल्या ओट्यावर मिक्सर नसतो, पाण्याचा फिल्टर नसतो, भांडी निथळत ठेवायची जाळी नसते, कचऱ्याचा डबा नसतो. आणि फ्रीजचं दार बंद असतं! मापं बऱ्याचदा मिलिमीटरमध्ये असतात, त्याला घाबरायचं कारण नाही. ३०० म्हणजे जवळजवळ एक फूट, ६०० म्हणजे दोन फूट, एवढं लक्षात ठेवलं की नकाशा वाचता येतो.

ताईंची खोली ८ फूट रुंद आणि १० फूट लांब. हॉलमधून येताना दार आखूड भिंतीच्या मधोमध. समोरच्या भिंतीला खिडकी. डावी भिंत पूर्ण १० फूट सलग. उजव्या भिंतीला पार टोकाशी, खिडकीजवळ, ड्राय बाल्कनीचं दार. तिथे वॉशिंग मशीन आणि धुणं-भांड्याची जागा. पुण्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये अशी रचना अगदी नेहमीची.

आता थोडं मागे जाऊ या, कारण चित्रावर काम चालवून बघायची ही युक्ती माझी नाही. अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक नावाची एक गृहिणी होती. तिनं १९१२ साली एका महिला मासिकात घरकामावर लेख लिहिले. कारखान्यात जसं कामगाराच्या हालचाली मोजतात तसं तिनं स्वतःच्या स्वयंपाकघरात मोजून बघितलं. पुढे तिनं दोन नकाशे शेजारी शेजारी छापले. दोन्हींत तेच सामान, तीच खोली, फक्त मांडणी वेगळी. स्वयंपाक करताना आणि नंतर आवराआवर करताना बाई कुठून कुठे जाते त्याच्या रेषा तिनं नकाशावर ओढल्या. एका नकाशात रेषांचं जाळं झालेलं, दुसऱ्यात साखळीसारखी सरळ ओळ. तिचं लिखाण जर्मन भाषेत गेलं आणि त्यातून स्फूर्ती घेऊन १९२६ मध्ये मार्गारेटे श्युट-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्ट शहरातल्या नव्या घरांसाठी जवळपास सव्वासहा फूट बाय अकरा फुटांचं स्वयंपाकघर तयार केलं. तसली सुमारे दहा हजार किचन बसवली गेली. आजच्या मॉड्युलर किचनची ती पणजी म्हणायला हरकत नाही. गंमत म्हणजे त्या बाईंनीच पुढे सांगितलं की तोवर त्यांनी स्वतः स्वयंपाक केलेला नव्हता!

त्यानंतर १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात या विषयावर काम झालं आणि शेगडी, सिंक, फ्रीज यांचा 'त्रिकोण' प्रसिद्ध झाला. आजचे डिझायनर 'वर्क ट्रँगल' म्हणतात तो हाच. तीन वस्तूंच्या पुढच्या कडेच्या मध्यापासून एकमेकींपर्यंत रेषा काढायची. प्रत्येक रेषा साधारण चार ते नऊ फूट असावी आणि तिन्हींची बेरीज सव्वीस फुटांच्या पुढे जाऊ नये. चारपेक्षा कमी झालं तर मधे काम करायला जागा उरत नाही, नऊपेक्षा जास्त झालं तर पाय दुखतात.

ताईंचं पहिलं चित्र सरळ ओट्याचं. डाव्या भिंतीला दाराशी फ्रीज, त्याला अडीच फूट. मग दोन फूट मोकळा ओटा, मग अडीच फूट शेगडीचे, वर चिमणी. मग एक फूट मोकळं आणि टोकाला खिडकीच्या कोपऱ्यात सिंक. उजव्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत कपाटं. चिमणी चित्राच्या बरोबर मध्यावर येत होती, म्हणून ते इतकं देखणं दिसत होतं. त्रिकोणाची बेरीज केली तर साडेपंधरा फूट, म्हणजे नियमात अगदी बसतं. फक्त शेगडी ते सिंक ही रेषा सव्वातीन फुटांची, थोडी आखूड.

पण बेरजेवर जाऊ नका. मी ताईंना म्हटलं, फ्लॉवरची भाजी करू या. पेन्सिल घ्या आणि नकाशावर चाला. फ्लॉवर फ्रीजमधून काढला, धुवायला सिंककडे, म्हणजे शेगडीशी पोळ्या करणाऱ्या सासूबाईंच्या पाठीमागून. चिरायला सिंकशेजारी एकच फूट, तिथे धुतलेली भांडी निथळतायत. म्हणून परत सासूबाईंच्या मागून फ्रीजजवळच्या दोन फुटांत. तिथे एक फूट मिक्सरचा. उरलेल्या एका फुटात विळी-चाकू आणि ताट, आणि सासूबाईंचा पोळपाटही तिथेच हवा! चिरून झालं, देठ टाकायचे, डबा सिंकखाली. पुन्हा पलीकडे. हात धुऊन पुन्हा अलीकडे. एका भाजीत चार वेळा तव्याजवळून, एका म्हाताऱ्या माणसाच्या पाठीला घासून जायचं. ताई पेन्सिल ठेवून हसल्या. म्हणाल्या, "अहो, आमच्या जुन्या घरात हेच होत होतं. आई म्हणायच्या, तू मागून गेलीस की माझी पोळी करपते."

या चित्राचा दोष फ्रीज, सिंक, शेगडी लांब असण्यात नव्हता. दोष क्रमात होता. आपलं काम ज्या क्रमानं होतं, म्हणजे काढणं, धुणं, चिरणं, शिजवणं, त्याच क्रमानं वस्तू ओळीत असल्या तर जाणं-येणं एकाच दिशेनं होतं. सरळ ओटाच असेल तर आधी फ्रीज, मग सिंक, मग मोठा मोकळा पट्टा आणि शेवटी शेगडी असा क्रम लावून घ्यावा. जागा लहान असेल तर सरळ ओटा वाईट नाही, पण त्यातला सगळ्यात मोठा मोकळा तुकडा सिंक आणि शेगडी यांच्या मधे आला पाहिजे. दोन टोकांना विखुरलेल्या एकेका फुटाचा उपयोग फक्त बरण्या ठेवायला.

दुसरं चित्र समोरासमोर ओट्यांचं. डाव्या भिंतीला १० फुटी ओटा, मधोमध शेगडी. उजवीकडे दाराशी फ्रीज, मग पाच फुटी ओटा आणि त्यात बाल्कनीच्या बाजूला सिंक. मोकळा ओटा मोजला तर डावीकडे साडेसात आणि उजवीकडे तीन, म्हणजे साडेदहा फूट! पहिल्या चित्रात फक्त तीन होता. त्रिकोणाची बेरीजही छान, पावणेपंधरा फुटांच्या आसपास, आणि तिन्ही रेषा चारच्या वर. मधली वाट चार फुटांची, म्हणजे दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहू शकतात आणि ट्रॉलीही ओढता येते. त्या मानानं हे चित्र घरात कुणालाच आवडलं नव्हतं, कारण चित्रात दोन्ही बाजूंनी ओटा आला की खोली बोळासारखी दिसते.

मग यात वाईट काय? वाट. हॉलमधून ड्राय बाल्कनीत जाणारा प्रत्येक माणूस शेगडी आणि सिंकच्या मधून जाणार. सकाळी भांडी घासायला मावशी येतात, मुलगा मशीनला कपडे लावतो, कुणी वाळत घालायला जातं. आणि नेमकं तेव्हाच आपण भाताचा कुकर उतरवून वळतो किंवा उकळत्या पातेल्यातलं पाणी ओतायला सिंककडे जातो. ओल्या हातानं वळलं की फरशीवर पाणी, आणि त्या फरशीवरून गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. जिथे किचन पुढे बंद होतं, त्यातून कुणाला जायचं नसतं, तिथे मी समोरासमोर ओटाच घ्यायला सांगेन. काम करायला त्याच्यासारखा दुसरा नाही. इथे नाही सांगितला.

तिसरं चित्र 'एल' आकाराचं. दाराशी फ्रीज, डाव्या भिंतीला शेगडी, ओटा कोपऱ्यात वळून खिडकीखाली आणि तिथे सिंक. खिडकीखालचा ओटा साडेपाच फुटांवर थांबवला होता, म्हणजे बाल्कनीच्या दारासमोर अडीच फूट मोकळे. हे चित्र पाहिल्यावर मला वाटलं, यात काहीतरी करता येईल. बाल्कनीची वाट उजव्या भिंतीला लागून जाते, शेगडी आणि सिंक डाव्या कोपऱ्यात, म्हणजे गरम भांडं घेऊन वळताना मधे कुणी येत नाही. पण फ्रीज आणि शेगडी यांच्यात जेमतेम सव्वा फूट उरत होता. तेवढ्यात पोळपाट मावत नाही, आणि शेगडीच्या इतकं जवळ फ्रीज म्हणजे त्यावर फोडणीचे शिंतोडे आणि शेगडीची धग.

म्हणून आम्ही दोन गोष्टी हलवल्या. फ्रीज डाव्या भिंतीवरून उचलून समोर उजव्या भिंतीला, दाराच्या कोपऱ्यात. आणि शेगडी एक फूट दाराकडे सरकवली. आता शेगडीच्या डावीकडे पावणेतीन फूट ओटा, उजवीकडे कोपऱ्यापर्यंत पुन्हा पावणेतीन फूट, आणि तिथून वळलं की सिंक. सासूबाई डावीकडे: पोळपाट, परात आणि डबे समोर, उजव्या हाताला तवा. ताई उजवीकडे: भाजी धुवायची, तिथेच चिरायची, देठ सिंकखालच्या डब्यात, आणि डावीकडे वळून कढईत. दोघींच्या मधे शेगडी, कुणी कुणाच्या मागून जात नाही. त्रिकोण नव्यानं मोजला. शेगडी ते सिंक साडेचारच्या जरा आत, शेगडी ते फ्रीज तेवढंच, फ्रीज ते सिंक सात. बेरीज सुमारे सोळा फूट. बाल्कनीची वाट फ्रीजच्या रेषेला तेवढी कापते, ते आम्ही चालवून घेतलं. फ्रीज आपण मोजकाच उघडतो.

त्रिकोणाबद्दल माझं एक मत आहे. तो ज्यांनी बसवला त्यांच्या घरात जेवणाची सुरुवात फ्रीजपासून होते. आपल्याकडे निम्मा स्वयंपाक डब्यांतून निघतो: कणीक, तांदूळ, डाळी, दाण्याचं कूट, मसाल्याचा डबा. म्हणून मी चौथा बिंदू धरते, रोजच्या डब्यांचा. तो शेगडीपासून एका हातावर असला पाहिजे. कणकेचा डबा पोळपाटाखालच्या मोठ्या ट्रॉलीत, कारण दहा किलोचा डबा वरच्या कपाटातून काढणं कुणालाच झेपणार नाही. डिझायनरच्या चित्रात पोळपाटाखाली कपबशांची जाळी होती आणि धान्याचं कपाट खोलीच्या पलीकडे. ते अदलाबदल करून घेतलं. त्यासाठी एक पैसा जास्त लागला नाही.

साठवणीच्या बाबतीत चित्र दुसरी एक फसवणूक करतं. छतापर्यंतची कपाटं बघून आपल्याला वाटतं, बापरे, किती जागा! पण हात जिथवर सहज पोचतो तेवढीच जागा रोजची. वरचे खण म्हणजे माळा, तिथे चकलीचा सोऱ्या आणि पाहुण्यांची पातेली. ताईंना मी सांगितलं, घरातल्या भांड्यांची यादी करा आणि समोर 'रोज', 'आठवड्याला', 'सणाला' असं लिहा. मग नकाशावर प्रत्येक ट्रॉलीत काय जाणार ते पेन्सिलीनं लिहा. लिहायला लागल्यावर कळलं की कुकर आणि मोठी कढई यांना जागाच नाही, सगळ्या ट्रॉल्या सहा इंच उंचीच्या. एक खोल ट्रॉली शेगडीखाली घालून घेतली. 'एल'चा कोपरा मात्र अडचणीचाच असतो. तिथे दोन फूट बाय दोन फूट खड्डा तयार होतो आणि वाकून हात घातला तरी मागचं हाती लागत नाही. फिरणाऱ्या जाळ्या मिळतात, पण त्या महाग आणि जड वजनानं पुढे अडकायला लागतात. ताईंनी आतल्या बाजूला सणाची भांडी ठेवायची असं ठरवून तिथे साधं कपाटच ठेवलं. कोपऱ्याच्या वर, ओट्याच्या आतल्या बाजूला, मिक्सरची कायमची जागा केली. चिरण्याच्या पट्ट्यातून तो हलला.

एवढं कागदावर झाल्यावर आम्ही गच्चीवर गेलो आणि खडूनं खरी मापं घेऊन पूर्ण किचन आखलं. फ्रीजच्या जागी खोकं, सिंकच्या जागी घमेलं. सासूबाईंना उभं केलं. त्यांनी खोटी पोळी लाटली, खोट्या फ्रीजमधून साय काढली आणि एकदम म्हणाल्या, "अगं, फ्रीजचं दार उघडलं की हॉलमधून येणारा माणूस त्यावर आपटणार की!" नकाशावर हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. फ्रीज दाराच्या चौकटीपासून चार इंच आत सरकवला आणि भिंतीशीही तीन-चार इंच जागा सोडली, कारण फ्रीज भिंतीला चिकटवला तर दार अर्धवटच उघडतं आणि खालचा भाजीचा खण बाहेर येत नाही.

आणखी एक गोष्ट याच वेळी विचारून घ्यायची. शेगडी फूटभर सरकली म्हणजे चिमणीचा पाइपही सरकला, पाइप गॅस असेल तर त्याची नळीही, आणि मिक्सरच्या जागी विजेचा पॉइंट हवा. हे सगळं टाइल्स लागायच्या आधी होतं, नंतर फोडाफोडी. ताईंच्या इमारतीत सिंकचा पाण्याचा आणि सांडपाण्याचा पाइप खिडकीकडेच होता, म्हणून तो हलवावा लागला नाही. तुमच्याकडे तो भलतीकडे असेल तर आधी तेच बघा, कारण सिंक हवं तिथे नेता येत नाही, निचऱ्याला उतार लागतो. शिवाय भिंतींची मापं गिलावा आणि टाइल्स धरून घ्यायला सांगा. नकाशावरची १० फुटांची भिंत प्रत्यक्षात इंच-दोन इंच कमी भरते आणि मग शेवटची ट्रॉली बसत नाही.

डिझायनर मुलीनं बदल करून चौथं चित्र पाठवलं. चिमणी आता मध्यावर नव्हती, फ्रीज एकटाच पलीकडे उभा. दिसायला ते पहिल्यापेक्षा डावंच होतं, आणि तिनं तसं सांगितलंही. ताईंनी त्याच चित्राच्या प्लॅनवर मोकळ्या ओट्याचे तिन्ही तुकडे मापांसकट लाल पेनानं लिहून घेतले, खाली दोघींच्या सह्या घेतल्या आणि मग आगाऊ रक्कम दिली.